जोडीचा दुसरा चष्मा : स्वस्तात घ्या, पण मापात घ्या

मंडळी, आज रस्ते, पाणी, नगरपालिका बाजूला ठेवतो. विषय चष्म्याचा आहे. पण हा विषयही तालुक्याच्या गावात राहणाऱ्यांचाच आहे, कारण पुण्या-मुंबईत चष्मा फुटला तर संध्याकाळपर्यंत दुसरा मिळू शकतो. आपल्याकडे तसं होत नाही.

आपल्याकडे चष्म्याची दुकानं भरपूर दिसतात. साधा नंबर असेल, म्हणजे एक-दोनच्या आतला आणि सिलिंडर नसलेला, तर दुकानदाराकडे तयार काच पडून असते. मशिनवर घासून तासाभरात फ्रेममध्ये बसवून देतो. पण नंबर मोठा असेल, त्यात सिलिंडर असेल किंवा प्रोग्रेसिव्ह काच असेल, तर ती काच ऑर्डर देऊन बनवून घ्यावी लागते. ती बाहेरून येते, बसने किंवा कुरिअरने. मधे रविवार आला, सण आला, की चार दिवसांचे सात दिवस होतात. तेवढे दिवस माणसाने काय करायचं, हा प्रश्न चष्मा फुटल्यावरच सुचतो.

ज्याला त्याला दुसरा चष्मा लागेलच असं मी म्हणत नाही. एक सोपं गणित आहे. तुमचा नंबर मायनसमध्ये असेल तर १०० ला त्या नंबराने भागा. जे उत्तर येईल तेवढ्या सेंटिमीटरपर्यंत तुम्हाला चष्म्याशिवाय स्पष्ट दिसतं, त्यापुढे धूसर. मायनस एक असेल तर १०० सेंटिमीटर, म्हणजे मीटरभर. मायनस दोन असेल तर ५०. मायनस पाच असेल तर फक्त २० सेंटिमीटर, म्हणजे वीतभर. मायनस एकवाला आठवडाभर कसाबसा निभावतो. मायनस पाचवाला रस्ता ओलांडतानाही चाचपडतो. ज्यांचं उत्तर ५० किंवा त्याहून कमी येतं त्यांनी, आणि नंबर लहान असला तरी रोज गाडी चालवणाऱ्यांनी, दुसरा चष्मा घरात ठेवलाच पाहिजे.

आता एक खरा किस्सा सांगतो. नाव सांगत नाही, कारण माणूस ओळखीचा आहे. आपल्या तालुक्यातले एक मास्तर, वय पन्नास. शाळा गावापासून १८ किलोमीटर, रोज मोटारसायकलने येणं-जाणं. गेल्या निवडणुकीत त्यांची मतदान केंद्रावर ड्युटी लागली. साहित्य घेऊन केंद्रावर जायचं त्याच्या दोन दिवस आधी चष्म्याची दांडी बिजागरीपाशी तुटली आणि फरशीवर पडून एका काचेचा तुकडा उडाला. काच प्रोग्रेसिव्ह, साडेआठ हजारांची. दुकानदार म्हणाला, सहा दिवस लागतील. निवडणुकीची ड्युटी चष्मा फुटला म्हणून सहज रद्द होत नाही. अर्ज करा, वैद्यकीय कारण दाखवा, वर साहेब म्हणणार की आता ऐन वेळी दुसरा माणूस आणायचा कुठून. मास्तर बायकोने ट्रंकेतून काढून दिलेला सहा वर्षांपूर्वीचा चष्मा घालून गेले. नंबर अर्ध्याने कमी होता, काचेवर ओरखडे होते, दुपारपर्यंत डोकं धरलं. पण मतदार यादीतली नावं वाचता आली आणि समोरच्या माणसाचा चेहरा दिसला.

यातून पहिली गोष्ट घ्या : सगळ्यात स्वस्त दुसरा चष्मा म्हणजे तुमचा जुना चष्मा. नवा केला की जुना मुलांना खेळायला देऊ नका, दुकानात टाकून येऊ नका. जुन्या आणि नव्या नंबरात अर्ध्यापर्यंतचा फरक असेल आणि काच फार खरवडलेली नसेल, तर आठवड्याची वेळ त्यावर निघते. फरक एक किंवा जास्त असेल, किंवा सिलिंडरचा अ‍ॅक्सिस बराच बदलला असेल, तर तो चष्मा घरात वावरायला ठेवा, गाडीवर नको. जुन्या फ्रेममध्ये नव्या नंबरची काच बसवणं हाही एक मार्ग आहे, पण पाच-सात वर्षं वापरलेली प्लास्टिकची फ्रेम वाळून कडक झालेली असते. काच बसवताना ती गरम करून ताणावी लागते आणि तेव्हाच तडकते. म्हणून बहुतेक दुकानदार आधीच सांगतात, तुटली तर जबाबदारी तुमची. ते फसवत नाहीत, खरंच तसं होतं.

निवडणूक झाल्यावर मास्तरांनी वेगळा दुसरा चष्मा करून घेतला. तो कसा केला ते नीट सांगतो, कारण सगळं शहाणपण तिथेच आहे.

त्यांच्या कागदावरचा नंबर असा. उजवा डोळा : स्फेरिकल मायनस ४.५०, सिलिंडर मायनस ०.७५, अ‍ॅक्सिस १८०. डावा डोळा : मायनस ५.००, सिलिंडर नाही. अ‍ॅडिशन प्लस २.००. स्फेरिकल म्हणजे मूळ नंबर. सिलिंडर म्हणजे बुबुळाचा गोलवा सगळीकडे सारखा नसतो, त्याची दुरुस्ती, आणि अ‍ॅक्सिस म्हणजे ती दुरुस्ती कोणत्या कोनात बसवायची ते. अ‍ॅडिशन म्हणजे आपल्या भाषेत चाळिशी : लांबच्या नंबरात जवळचं वाचण्यासाठी घालायची भर.

दुकानदाराने आधी स्वस्तातला प्रोग्रेसिव्हच सुचवला, अडीच हजारांत. मास्तरांनी नको म्हटलं आणि ते बरोबर केलं. प्रोग्रेसिव्ह काचेत वर लांबचं, खाली जवळचं, आणि मधे एक अरुंद पट्टा असतो. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना प्रतिमा वाकडी दिसते. काच जितकी स्वस्त तितका पट्टा साधारण अरुंद, आणि बुबुळापासून उंचीचं माप दोन मिलिमीटर चुकलं तरी वाचताना मान वर करावी लागते. रोजच्या चष्म्यात आपण सवय करून घेतो. अडीअडचणीला काढलेल्या चष्म्याची सवय करायला वेळ कुठे असतो?

दुसरा पर्याय बायफोकल, खाली टिकली असलेली. ती काच स्वस्त असते आणि वाचायला भाग रुंद मिळतो. पण ज्याने कधी घातली नाही त्याला नजर टिकलीवर आली की प्रतिमा उडी मारल्यासारखी वाटते आणि जिन्याच्या पायऱ्या चुकतात. आधीपासून बायफोकल वापरणाऱ्याने जोडीलाही बायफोकलच घ्यावा. मास्तरांची ती सवय नव्हती.

त्यांनी घेतला साधा एक नंबरचा, फक्त लांबचा चष्मा. आता तुम्ही म्हणाल, मग वाचायचं कसं? चष्मा काढून. वरचं गणित लावा : १०० भागिले ५ म्हणजे २० सेंटिमीटर, १०० भागिले ४.५ म्हणजे २२. मायनस नंबरवाल्याला ही निसर्गानेच दिलेली सोय आहे. चष्मा कपाळावर चढवला आणि कागद वीतभर जवळ आणला की बारीक अक्षरही लागतं. पेपरचे गठ्ठे तपासायला हे सोयीचं नाही, मान आणि खांदे दुखतात. पण चार-सहा दिवस फोन, यादी, औषधाची बाटली, बसचं तिकीट एवढं निभतं. गाडी चालवायला मात्र लांबचाच चष्मा लागतो, तिथे दुसरा मार्ग नाही. म्हणून आधी ठरवायचं की चष्मा फुटलेल्या आठवड्यात कोणतं एक काम थांबवता येणार नाही, आणि दुसरा चष्मा त्या कामापुरता करायचा. रोजच्या चष्म्याची हुबेहूब नक्कल करायला गेलात की खर्च तिप्पट होतो.

आता फ्रेम. मास्तरांच्या मुलीने आवडीने मोठी चौकोनी फ्रेम काढली होती. दांडीच्या आतल्या बाजूला आकडे असतात, तिच्यावर ५४ आणि १८ होते. म्हणजे काचेची रुंदी ५४ मिलिमीटर, नाकावरचा पूल १८. दोन्ही मिळून ७२. मास्तरांच्या दोन बुबुळांमधलं अंतर, ज्याला दुकानात पीडी म्हणतात, ते ६२. म्हणजे फ्रेमच्या मानाने डोळे आत, आणि प्रत्येक काचेचा मध्य पाच मिलिमीटर नाकाकडे सरकवावा लागणार. मग कानाकडची कड लांब जाते, आणि मायनस काच कडेलाच जाड असते. मायनस पाचच्या साध्या प्लास्टिक काचेची ती कड सात मिलिमीटरच्या आसपास भरते. त्याऐवजी ४८ आणि २० ची लहान फ्रेम घेतली तर बेरीज ६८, सरकवायचे तीनच मिलिमीटर, आणि कड साडेपाचच्या आसपास येते. हे कागदावरचं गणित आहे. काचेच्या बनावटीप्रमाणे थोडं इकडेतिकडे होईल, पण फरक एवढाच राहतो. मोठ्या फ्रेमच्या हौसेपायी लोक महागडी पातळ काच घेतात. लहान फ्रेम घेतली तर साध्या काचेत काम भागतं.

मास्तरांनी ४८ ची पूर्ण कडा असलेली फ्रेम घेतली, साडेचारशे रुपयांची. अर्धी कडा असलेली, खालून नायलॉनच्या दोऱ्यावर काच बसवलेली फ्रेम जोडीच्या चष्म्याला नको, कारण दोरा सुटला की तोही चष्मा गेला. काच साधी प्लास्टिकची, वर ओरखडे कमी पडावेत म्हणून हार्ड कोट : सातशे रुपये. एकूण साडेअकराशे. रात्री गाडी चालवायची असेल तर समोरच्या दिव्यांची चकाकी कमी करणारं अँटिग्लेअर कोटिंग घेण्यात अर्थ आहे. दिवसापुरता चष्मा असेल तर ते सोडलं तरी चालतं. निळ्या प्रकाशाचं कोटिंग, रंग बदलणारी काच, फ्रेमवरचं नाव, हे तीन खर्च जोडीच्या चष्म्यात बिनधास्त गाळा.

पण एका ठिकाणी काटकसर करू नका, ते म्हणजे पीडीचं माप. नंबरच्या कागदावर पुष्कळदा पीडी लिहिलेलीच नसते. तपासणी करणाऱ्याला सांगून लिहून घ्या. ऑनलाइन मागवणार असाल तर फारच गरजेचं, कारण तिकडे तुमचे डोळे कुणी पाहिलेले नसतात. काचेचा मध्य बुबुळासमोर आला नाही तर काच नंबराबरोबर प्रिझमसारखं वागते, प्रतिमा बाजूला ढकलते. नंबर अर्धा असेल तर कळतही नाही. नंबर पाच असेल आणि दोन्ही मिळून चार मिलिमीटरची चूक असेल, तर एक मीटरवरच्या वस्तूची प्रतिमा दोन सेंटिमीटर सरकते. डोळे तेवढं ओढून जुळवून घेतात, आणि संध्याकाळी कपाळ दुखतं. लोक म्हणतात नवा नंबर लागला नाही. नंबर बरोबर असतो, मध्य चुकलेला असतो.

हे घरी तपासता येतं. चष्मा हातभर अंतरावर धरा आणि एका काचेतून दाराच्या चौकटीची उभी कड पाहा. काचेच्या आत दिसणारी कड आणि काचेच्या वर-खाली दिसणारी कड एका रेषेत येईपर्यंत चष्मा हळूहळू बाजूला सरकवा. जिथे रेषा अखंड दिसते तो त्या काचेचा मध्य. तिथे स्केचपेनने बारीक ठिपका द्या. दुसऱ्या काचेवर तसंच करा. दोन ठिपक्यांमधलं आडवं अंतर पट्टीने मोजा. ते तुमच्या पीडीएवढं यायला हवं. एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे आपल्या हाताची चूक धरा. चार-पाच मिलिमीटर फरक आला तर चष्मा घेऊन दुकानात जा, आणि मशिनवर पुन्हा मोजून दाखवायला सांगा. चांगला दुकानदार रागावत नाही. ही युक्ती साध्या एका नंबरच्या काचेला लागू पडते, प्रोग्रेसिव्हला नाही. सिलिंडर तिरक्या कोनातलं असेल तर रेषा थोडी कललेली दिसते, तेव्हा घरच्या मापावर विसंबू नका.

दुसरी तपासणी रस्त्यावरची. गाडीच्या लायसनसाठी आपण जो फॉर्म १ भरतो, त्यात विचारलेलं असतं की स्वच्छ दिवसाच्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबर प्लेट तुम्हाला प्रत्येक डोळ्याने वाचता येते का, चष्मा असेल तर चष्मा लावून. बहुतेक जण एजंटाने टेकवलेल्या जागी सही करतात. जोडीचा चष्मा आला की ही परीक्षा स्वतः घ्या. साधारण पस्तीस पावलं मोजा, एक डोळा झाका, समोरच्या गाडीचा नंबर वाचा. मग दुसरा डोळा. एकही डोळा नापास झाला तर त्या चष्म्यावर गाडी चालवू नका, मग तो कितीही स्वस्त पडलेला असो.

आता ज्यांचा लांबचा नंबर काहीच नाही, फक्त चाळिशी आहे, त्यांचं काम सगळ्यात सोपं. बाजारात, औषधाच्या दुकानात, यात्रेत शे-दीडशेला तयार चष्मे मिळतात, प्लस १ पासून प्लस ३ पर्यंत. त्यांनी डोळे खराब होतात हा समज चुकीचा आहे. पण तीन अटी आहेत. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा हवा, कारण तयार चष्म्यात दोन्ही काचा एकाच नंबरच्या असतात. सिलिंडर नसावा किंवा नगण्य असावा. आणि नंबर बरोबर निवडावा. इथेच गडबड होते. कागदावर अ‍ॅडिशन प्लस २ लिहिलंय म्हणून लोक प्लस २ चा तयार चष्मा घेतात. पण अ‍ॅडिशन ही भर आहे. ती लांबच्या नंबरात मिळवायची. लांबचा प्लस १ असेल तर वाचायला प्लस ३ लागेल. लांबचा मायनस १ असेल तर प्लस १ पुरेल. लांबचा शून्य असेल तरच अ‍ॅडिशन आणि वाचायचा नंबर एक. घेताना पेपर चाळीस सेंटिमीटरवर, म्हणजे आपण नेहमी धरतो तिथे धरून वाचा. पेपर जवळ ओढावा लागला तर नंबर जास्त आहे. आणि चष्मा डोळ्यांपुढे थोडा हलवून फरशीच्या रेघा पाहा. एखाद्या जागी रेघ लाटेसारखी वाकली तर तो चष्मा परत ठेवा, दुसरा उचला.

"एकावर एक फ्री" ची पाटी पाहून बरेच जण विचारतात. एक नंबरच्या चष्म्याला ती योजना पुष्कळदा परवडते. पण आधी विचारा : फुकट काय, फ्रेम की काचही? काचेवर कोटिंग कोणतं? माझ्या नंबरला वेगळे पैसे पडणार का? आणि दोन्ही चष्मे एकदम करण्यात एक धोका आहे. नवा नंबर दहा-पंधरा दिवस वापरून पटला, की मगच दुसरा करायला टाकावा. नाहीतर चुकलेल्या नंबरचे दोन चष्मे घरात येतात. योजनेतला दुसरा चष्मा पंधरा दिवसांनी बनवून द्याल का, हे विचारून पाहा, काही दुकानदार देतात.

मधुमेहवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. साखर फार वर-खाली होत असते तेव्हा डोळ्यातल्या भिंगातलं पाणी बदलतं आणि नंबरही बदलतो. त्या दिवसांत तपासून केलेला चष्मा साखर आटोक्यात आल्यावर लागत नाही. डॉक्टरांना विचारून, साखर काही आठवडे स्थिर राहिल्यावरच नंबर काढा. आणि एखाद्या दिवशी एकाएकी अंधुक दिसायला लागलं, डोळ्यापुढे पडदा आला, ठिपके आणि चमका दिसल्या, तर तो चष्म्याचा विषयच नाही. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जायचं.

पैशाचं शेवटचं. नंबर काढायला खासगीतच जावं लागतं असं नाही. ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी असतात, ते केसपेपरवर नंबर काढून देतात. कोणत्या वारी बसतात ते विचारून जा. तो कागद कोणत्याही दुकानात चालतो. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून नजरेच्या चष्म्यावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. पक्कं बिल मागा आणि त्यावर किती टक्के लावलेत ते बघा. अजून जुना दर लावत असतील तर तिथेच विचारा.

घरी आल्यावर दोन कामं करा. नंबरचा कागद पीडीसकट फोनमध्ये फोटो काढून ठेवा आणि घरातल्या आणखी एकाला पाठवा, कारण चष्मा फुटल्यावर तुम्हाला स्वतःला तो कागद शोधता येणार नाही. आणि दुसरा चष्मा कडक डबीत घालून ठरलेल्या एकाच जागी ठेवा. गाडीच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर नको, उन्हाने काचेवरच्या कोटिंगला जाळीसारख्या भेगा पडतात. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आवराआवरीत म्हणा, काढून डोळ्यांवर लावा आणि ती पस्तीस पावलांची परीक्षा पुन्हा घ्या. पास झाला तर परत डबीत. नापास झाला तर नंबर बदललाय, आधी रोजचा चष्मा तपासून घ्या.